एकाच माणसाचा हात आणि पाय, ऑपरेशनही एकाच दिवशी: पायाला कॅलस आला, हाताला का नाही?

मनाली_कासारवडवली | २६ ऑक्टोबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. जुलैच्या सुरुवातीला पावसात घोडबंदर रोडवर पातलीपाड्याजवळ नवऱ्याची बाइक घसरली. डाव्या पायाची नडगी मधोमध मोडली आणि डाव्या हाताची कोपराखालची दोन्ही हाडं मोडली. दुसऱ्या दिवशी एकाच वेळी दोन्हीकडची ऑपरेशनं झाली. पायात रॉड टाकलाय, हातात दोन प्लेट्स.

परवा एक्स-रे काढले. पायाच्या फोटोत मोडलेल्या जागेभोवती दोन्ही बाजूंनी पांढरट, फुगीर असं काहीतरी दिसतंय. डॉक्टर म्हणाले, कॅलस छान आलाय. हाताच्या फोटोत मात्र तसलं काहीच नाही. हाड, प्लेट, स्क्रू, बस. मोडल्याच्या रेषा थोड्या पुसट झाल्यात एवढंच. डॉक्टरांनी तो फोटोही दोन सेकंद उजेडात धरला आणि 'उत्तम' म्हणाले. बाहेर गर्दी होती, जास्त विचारता आलं नाही.

घरी आल्यापासून सासरे एकच धरून बसलेत: पाय जुळतोय, हात जुळत नाहीये. गावाकडच्या हाडवैद्याला बोलवायचं चाललंय. एकाच माणसाचं शरीर, एकच जेवण, एकच औषधं, मग एका हाडाला कॅलस येतो आणि दुसऱ्याला येत नाही, असं का? कुणी नीट सांगू शकेल का?

---

सुलभा_नौपाडा | २६ ऑक्टोबर, रात्री १०.१५

मनाली, काळजी करू नकोस गं. माझं मनगट दोन वर्षांपूर्वी मोडलं होतं, तेव्हा मी सहासष्ट वर्षांची. नुसतं प्लास्टर घातलं होतं आणि कॅलस इतका छान आला की डॉक्टरही खूश झाले. मी कॅल्शियमच्या गोळ्या आणि नाचणीची भाकरी रोज घेत होते. हाताला कॅलस नाही म्हणजे कॅल्शियम कमी पडतंय. डॉक्टरांना डोस वाढवायला सांग.

---

यंत्रवत_रबाळे | २६ ऑक्टोबर, रात्री ११.०२

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही, पण हा प्रश्न थोडा यंत्रशास्त्राचाच आहे. वडिलांच्या फ्रॅक्चरच्या वेळी मी यावर बरंच वाचलं होतं. कॅलस तयार होतो तो हालचालीमुळे. मोडलेली टोकं एकमेकांवर हलली की शरीर तिथे जास्तीचं हाड लावतं. प्लेटने हाड घट्ट दाबून धरलं की हालचाल शून्य, कॅलसही शून्य. म्हणजे तुमच्या मिस्टरांचा हात व्यवस्थित बसवलाय.

मला उलट पायाची शंका येते. एवढा कॅलस आला म्हणजे रॉड हाडाच्या पोकळीत थोडा ढिला असणार. जोड जितका कडक तितका चांगला, हे तर उघडच आहे. पायालाही प्लेट का टाकली नाही, हे विचारायला हवं होतं.

---

अस्थिरंग | २७ ऑक्टोबर, सकाळी ६.५०

मी वाशीत ऑर्थोपेडिक सर्जन आहे. ओपीडी सुरू व्हायला वेळ आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मनालीताई, तुमच्या वर्णनावरून दोन्ही फोटो जसे दिसायला हवेत तसेच दिसतायत. प्रत्यक्ष फोटो मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे तुमच्या सर्जनचं 'उत्तम' हेच खरं उत्तर. ते का, एवढं मी सांगतो.

यंत्रवत यांचा पहिला परिच्छेद अगदी बरोबर आहे. दुसरा चुकीचा, पण त्या चुकीला मोठी परंपरा आहे. १९४९ मध्ये बेल्जियमच्या रॉबेर डानिस यांनी दाखवून दिलं की मोडलेली टोकं तंतोतंत जुळवून दाबून धरली तर हाड कॅलसशिवाय थेट जुळतं. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये काही सर्जन एकत्र आले आणि त्यांनी एओ हा गट स्थापन केला. त्यांनी हीच पद्धत जगभर नेली, आणि बराच काळ त्या परंपरेतले सर्जन कॅलस दिसला की ऑपरेशन कमी पडलं असं समजत. त्याच्या आधीच, १९४० च्या सुमारास, जर्मनीत क्युन्चर हाडाच्या पोकळीत रॉड टाकत होते. त्यांच्या पेशंटना भरपूर कॅलस यायचा आणि ते चालायलाही लागायचे. दोघंही बरोबर होते. हाडाला जुळण्याचे दोन रस्ते आहेत. कुठला रस्ता मिळणार, हे सर्जन किती आणि कसली स्थिरता देतो त्यावर ठरतं.

हातात जे केलंय त्याला आम्ही अ‍ॅब्सोल्यूट स्टॅबिलिटी म्हणतो. रोजच्या वापराचा भार आला तरी मोडलेल्या टोकांमध्ये हालचाल होत नाही. पायात केलंय ती रिलेटिव्ह स्टॅबिलिटी. हाडाची लांबी, रेष आणि पीळ बरोबर धरलाय, पण भार आला की तुकडे किंचित हलतात आणि भार गेला की जागेवर येतात. हे किंचित हलणं रॉड ढिला असल्यामुळे नाही. ते हिशोबात धरलेलं असतं.

सुलभाताई, तुमचं प्लास्टर हीही रिलेटिव्ह स्टॅबिलिटीच. प्लास्टरच्या आत हाड थोडं हलतंच, म्हणून तुमच्या मनगटाला कॅलस आला. मनालीताईंच्या मिस्टरांच्या हाताला तो न येण्याचा कॅल्शियमशी संबंध नाही. कॅल्शियम कमी असतं तर पायालाही आला नसता. तुमच्याबद्दल मात्र एक विचारतो. साठीनंतर साध्या पडण्याने मनगट मोडलं असेल तर हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी झाली आहे का? नसेल तर करून घ्या.

---

मनाली_कासारवडवली | २७ ऑक्टोबर, सकाळी ८.३०

डॉक्टर, खूप आभार. सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते म्हणतात, कॅलस नाही तर मग हाड जोडतंय ते कशाने? रिकाम्या रेषेत काय भरतंय? खरं सांगायचं तर मलाही ते कळलेलं नाही.

---

अस्थिरंग | २७ ऑक्टोबर, दुपारी २.१०

सासऱ्यांनी नेमका प्रश्न विचारलाय.

जिवंत हाड सतत स्वतःची डागडुजी करत असतं, न मोडलेलंसुद्धा. त्याच्या आत पेशींच्या टोळ्या फिरतात. पुढच्या पेशी जुनं हाड विरघळवत बारीक बोगदा पाडतात, मागच्या पेशी त्याच बोगद्याच्या भिंतीवर थरावर थर नवं हाड लावत येतात, आणि मधून रक्तवाहिनी चालते. बोगदा खणणारं यंत्र पुढे खोदतं आणि मागे अस्तर लावत जातं ना, अगदी तसंच. मोडलेली टोकं एकमेकांना चिकटून बसलेली असतील आणि हलत नसतील, तर या टोळीला मोडल्याची रेष लागतच नाही. ती रेष ओलांडून सरळ पलीकडच्या तुकड्यात शिरते. असे असंख्य बोगदे रेषेच्या आरपार गेले की दोन तुकडे एक होतात. वेग असतो दिवसाला साधारण ५० ते १०० मायक्रॉन, म्हणजे एक मिलिमीटरला दहा ते वीस दिवस. म्हणून एक्स-रेमध्ये रेष हळूहळू पुसट होते आणि बाहेरच्या बाजूला काहीच उगवत नाही.

रेषेच्या सगळ्या लांबीत टोकं अशी चिकटत नाहीत. कुठेतरी केसाएवढी फट राहतेच. तिथे आधी आडवं नवं हाड भरतं आणि मग बोगदे पाडणाऱ्या पेशी येऊन त्याची दिशा उभी करतात. फट एक मिलिमीटरच्या आत असेल आणि हलत नसेल तोवर हे जमतं. त्याहून रुंद असली की हा रस्ता बंद.

हे साधायला ऑपरेशनमध्ये काय करावं लागतं, तेही सांगतो. नुसती प्लेट लावून स्क्रू आवळले की झालं, असं नसतं. प्लेटची भोकं लांबट आणि उताराची असतात. त्यात स्क्रू मुद्दाम कडेला घातला आणि आवळला की त्याचं डोकं उतारावरून सरकतं आणि हाडाचा तुकडा दुसऱ्या तुकड्याकडे ढकलला जातो. सरकतो जेमतेम एक मिलिमीटर, पण दाब चांगला बसतो. एवढ्याने फक्त प्लेटखालची कड दाबली जाते आणि पलीकडची कड उघडी पडते. म्हणून लावण्याआधी प्लेट मधोमध किंचित वाकवतात. हाडावर ठेवली की तिच्याखाली मध्ये थोडी फट दिसते, आणि स्क्रू आवळताना ती सरळ होऊ पाहते तेव्हा पलीकडची कडही दाबली जाते. मोडल्याच्या दोन्ही बाजूंना साधारण तीन-तीन स्क्रू. हा दाब एका दिवसात नाहीसा होत नाही. मेंढ्यांवरच्या प्रयोगांत तो काही आठवड्यांत हळूहळू उतरताना दिसला, आणि दाबामुळे हाडाची टोकं विरघळली नाहीत.

---

यंत्रवत_रबाळे | २७ ऑक्टोबर, रात्री ८.४५

डॉक्टर, समजलं. पण मग नडगीलाही हीच पद्धत का वापरत नाही? जास्त अचूक तर हीच वाटते. आणि 'किंचित हलणं' म्हणजे नेमकं किती? किंचित हा शब्द आमच्याकडे ड्रॉइंगवर चालत नाही.

---

अस्थिरंग | २७ ऑक्टोबर, रात्री ११.२०

आकडा आहे. हाड जुळण्याचं काम स्ट्रेनवर चालतं, म्हणजे फट किती हलली भागिले फट मुळात किती रुंद होती. स्वित्झर्लंडच्या स्टेफान पेरेन यांनी हे मांडलं. प्रत्येक ऊतीची ताण सोसायची एक मर्यादा असते. मोडल्यावर पहिल्यांदा जी मऊ दाणेदार ऊती भरते ती शंभर टक्क्यांपर्यंत ताणली तरी टिकते. कूर्चा साधारण दहा टक्के सोसते. हाड मात्र दोन टक्क्यांच्या आसपास तुटतं. जिथे ताण दोन टक्क्यांच्या वर आहे तिथे हाड तयार होऊच शकत नाही.

आता हिशोब करा. फट १ मिमी आणि हालचाल ०.२ मिमी, म्हणजे २० टक्के. तिथे हाड तर नाहीच, कूर्चासुद्धा टिकणार नाही. तीच ०.२ मिमी हालचाल तुकड्या-तुकड्यांच्या १० मिमी लांबीत वाटली गेली तर ताण २ टक्के. म्हणून अनेक तुकडे झालेलं हाड थोडं हललं तरी जुळतं, आणि एकाच रेषेत मोडलेलं, बारीक फट राहिलेलं हाड तेवढ्याच हालचालीने अडकून बसतं.

रिलेटिव्ह स्टॅबिलिटीमध्ये शरीर हा ताण पायरीपायरीने उतरवतं. आधी रक्ताची गाठ, मग मऊ ऊती, ती जागा थोडी कडक करते. हालचाल कमी झाली की कूर्चा येते, ती आणखी कडक करते. ताण पुरेसा उतरला की मग हाड. हे सगळं ते हाडाच्या बाहेरच्या घेरावर लावतं. त्याचं कारण तुम्हाला माझ्याआधी कळेल.

---

यंत्रवत_रबाळे | २७ ऑक्टोबर, रात्री ११.५१

व्यास! वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. भरीव गोल दांडा धरला तर बाहेरचा व्यास नुसता वीस टक्क्यांनी वाढवला की विरोध दुपटीहून थोडा जास्तच होतो. म्हणजे सामान कच्चं असलं तरी ते लांब घेरावर लावून शरीर जोड कडक करून घेतं. पायाच्या फोटोतला तो फुगीर भाग याच कामाचा. माझं कालचं 'ढिला' मागे घेतो.

प्लेटच्या हातात हे होत नाही, म्हणजे तिथलं हाड बराच काळ जाड नाही, आणि सगळा भार प्लेटवर. बरोबर का?

---

अस्थिरंग | २८ ऑक्टोबर, सकाळी ६.४०

बरोबर. थेट जुळणं अचूक असतं, पण सावकाश ताकद येते. तोवर भार प्लेटच वाहते.

नडगीला हे का केलं नाही? त्यांच्या नडगीचा फोटो मी पाहिलेला नाही. पण बाइकवरून पडून नडगी मधोमध मोडते तेव्हा बहुधा तिरकी रेष असते आणि बऱ्याचदा मध्ये एक तिसरा तुकडाही असतो. ते सगळं तंतोतंत जुळवून दाबायचं तर त्वचा लांब उघडावी लागते आणि हाडावरचं आवरण सोडवावं लागतं. नडगीच्या आतल्या बाजूला त्वचेखाली लगेच हाडच, मांस नाही. आवरण सोडवलं की त्या तिसऱ्या तुकड्याचा रक्तपुरवठा जातो आणि जखमही नीट भरत नाही. रॉड गुडघ्याखालच्या छोट्या चिऱ्यातून पोकळीत जातो, मोडलेली जागा उघडावीच लागत नाही. पायाला मिलिमीटरची अचूकता लागतही नाही. लांबी, सरळपणा आणि पीळ बरोबर असला की माणूस नीट चालतो.

हाताचं वेगळं आहे. तळहात वर-खाली फिरवताना अंगठ्याकडचं हाड करंगळीकडच्या हाडाभोवती फिरतं. त्याची नैसर्गिक कमान थोडी बिघडली तरी ते फिरणं कमी होतं. म्हणून मोठ्या माणसात कोपराखालच्या हाडांना आम्ही सांध्यासारखं वागवतो: तंतोतंत जुळवायचं, दाबायचं, आणि लगेच हलवायला लावायचं.

---

पक्या_नेरुळ | २८ ऑक्टोबर, दुपारी १.०५

हा धागा वाचून राहवलं नाही. २०१९ मध्ये माझं मांडीचं हाड मोडलं, मधोमध, सरळ आडवी रेष. नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलमध्ये दोन छोट्या चिऱ्यांतून लांब लॉकिंग प्लेट टाकली. कमी चिरफाड, लवकर बरं, असं सांगितलं होतं. चार महिन्यांनीही पाय टेकला की मांडीत दुखायचं. फोटोत प्लेटच्या विरुद्ध बाजूला थोडा कॅलस दिसायचा, पण रेष तशीच. 'वेळ द्या' असं सांगत राहिले. आठ महिन्यांनी खुर्चीतून उठताना आतून 'कट्' असा आवाज आला. प्लेट मधून तुटली होती.

दुसरीकडे दाखवलं. प्लेट काढून आतून रॉड टाकला, पाच-सहा महिन्यांत जुळलं. जुनी प्लेट अजून घरी आहे. चौदा भोकं, तेरांत स्क्रू होते. तुटली ती नेमकी जे एक भोक रिकामं होतं तिथे. डॉक्टर, इथे काय चुकलं?

---

यंत्रवत_रबाळे | २८ ऑक्टोबर, दुपारी १.४०

मांडीवर चालताना येणारा भार आणि आठ महिन्यांची पावलं. धातू एका झटक्यात तुटला नाही, थकून तुटला. एकाच भोकाजवळ वाकणं होत राहिलं तर तिथे भेग पडणारच. पण मग प्लेट जाड हवी होती, की स्क्रू कमी हवे होते?

---

अस्थिरंग | २८ ऑक्टोबर, रात्री १०.३०

पक्या, तुमची केस मी पाहिलेली नाही. पण तुमच्या वर्णनातलं चित्र आमच्या ओळखीचं आहे.

ती प्लेट रिलेटिव्ह स्टॅबिलिटीच्या पद्धतीने टाकली होती, पुलासारखी, मोडलेल्या जागेवरून पलीकडे. अनेक तुकडे झालेल्या हाडात ती पद्धत उत्तम चालते, कारण हालचाल लांब भागात वाटली जाते. तुमचं फ्रॅक्चर एका आडव्या रेषेचं. रेष उघडून दाबलेली नाही, म्हणजे थोडी फट राहिली असणार. ती दोन मिमी धरली आणि हालचाल अर्धा मिमी धरली तर ताण पंचवीस टक्के. तिथे मऊ ऊती राहते, हाड होत नाही. दाब नाही म्हणून पहिला रस्ता बंद, ताण जास्त म्हणून दुसराही बंद. कॅलसने घेर वाढवायचा प्रयत्न केला, पण पलीकडच्या बाजूलाच. प्लेटच्या बाजूला हालचाल इतकी कमी होती की तिथे कॅलसला चालनाच मिळाली नाही.

यंत्रवत, तुमच्या प्रश्नाचं उत्तर दुसरं: स्क्रू कमी, आणि रेषेजवळची भोकं रिकामी. जाड प्लेटने तुटणं लांबलं असतं, हाड जुळलं नसतं. रेषेजवळची दोन-तीन भोकं मोकळी सोडली की वाकणं त्या सगळ्या लांबीत वाटलं जातं. एकच भोक मोकळं सोडलं की सगळं वाकणं त्याच एका जागी. प्लेट लांब, स्क्रू कमी आणि अंतर ठेवून, असा आमच्याकडचा नियम आहे. अर्थात तुमच्या आडव्या रेषेला मुळात रॉडच सरळ उपाय होता. नाहीतर उघडून, दाब देऊन प्लेट.

दुसऱ्या सर्जनने केलं ते योग्य होतं. कॅलस येत होता म्हणजे रक्तपुरवठा आणि हाडाची ताकद होती, स्थिरता नव्हती. अशा वेळी हाडाचा तुकडा दुसरीकडून आणून लावायची गरज बहुतेक लागत नाही. पोकळी थोडी मोठी करून जाड रॉड घातला की पुरतं. पोकळी मोठी करताना निघालेला हाडाचा चुराही जागेवरच राहतो. याउलट, कॅलस अजिबात नाही, टोकं बारीक, निमुळती झालीत, असं दिसलं असतं तर नुसता रॉड पुरला नसता.

---

प्रिया_फिजिओ | २९ ऑक्टोबर, सकाळी ७.२५

मी पाचपाखाडीत फिजिओथेरपिस्ट आहे. घरी करायच्या गोष्टींबद्दल थोडं लिहिते, कारण इथे लोक गोंधळ करतात.

मनाली, पायाला रॉड आहे. सर्जनने परवानगी दिली असेल तर पाऊल टेकवून भार देणं हाडाला चांगलंच असतं. उभ्या दिशेने येणारी ती हलकी हालचाल कॅलसला हवी असते. हाताचं उलट आहे. तळहात वर-खाली फिरवणं, मूठ, कोपर, हे पहिल्या दिवसापासून. पण भार नाही. आणि एकाच बाजूचा हात-पाय मोडला असेल तर सगळ्यांत मोठी चूक म्हणजे डाव्या हाताने कुबडी धरणं. प्रत्येक पावलाला शरीराचा भार कोपराखालच्या प्लेटवर पडतो. त्यासाठी वेगळा वॉकर मिळतो, त्यात कोपर पुढे टेकवायची गादी असते. कुबडी वापरतायत का ते आधी सांग.

---

मनाली_कासारवडवली | २९ ऑक्टोबर, दुपारी १२.५०

ताई, नवरा कुबडीच वापरत होता! गेले दोन आठवडे. आज दुपारीच गादीचा वॉकर भाड्याने आणायला दिराला पाठवते. उद्या डॉक्टरांना फोन करून सांगते.

डॉक्टर, एक विचारायचं राहिलं. नवरा सिगारेट ओढतो. ऑपरेशननंतर कमी केल्या, बंद केल्या नाहीत. याने फरक पडतो का? आणि हाताच्या फोटोत पुढच्या वेळी मी काय पाहू? निदान पायाचं डोळ्यांना दिसतं, हाताचं काहीच कळत नाही.

---

अस्थिरंग | २९ ऑक्टोबर, रात्री १०.०५

सिगारेटने फरक पडतो. निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, आणि ओढणाऱ्यांमध्ये हाड उशिरा जुळण्याचं आणि न जुळण्याचं प्रमाण जास्त असतं. दोन्ही रस्त्यांवर. बंद करायला सांगा, हात आणि पाय दोन्ही जुळेपर्यंत तरी.

पायाच्या दोन फोटोंत, समोरून आणि बाजूने, मिळून हाडाच्या चार कडा दिसतात. त्यातल्या तीन कडांवर पूल बांधला गेला आणि चालताना दुखत नाही, असं झालं की आम्ही जुळलं म्हणतो.

हाताला असा पूल शोधायचा नाही. रेष पुसट होत जाणं चांगलं. रेष रुंद होणं वाईट, कारण टोकं विरघळतायत म्हणजे तिथे हालचाल आहे. स्क्रूभोवती काळी कड दिसली तर स्क्रू सैल होतोय. आणि रेषेभोवती धुरकट कॅलस उगवला तर आनंद मानायचा नाही. घट्ट बांधलेल्या हातात तो सहसा हेच सांगतो की कुठेतरी स्थिरता कमी पडली. एकच चिन्ह पायात चांगलं आणि हातात सावध करणारं, हे नातेवाइकांना समजावणं सगळ्यांत अवघड जातं. सासऱ्यांना हे नक्की सांगा, नाहीतर कॅलस दिसला की ते पेढे वाटतील.

---

सुलभा_नौपाडा | ३० ऑक्टोबर, सकाळी ९.१०

डेक्सा करून घेते, डॉक्टर. आणि मनाली, नाचणीची भाकरी तरीही दे बरं, हाडाला चांगलीच असते.

---

पक्या_नेरुळ | ३० ऑक्टोबर, सकाळी ११.४५

हातातल्या प्लेट्स पुढे काढायच्या की राहू द्यायच्या? माझ्या मित्राने वर्षभरात काढल्या आणि तीन महिन्यांनी कॅरम खेळताना टेबलावर हात आपटून तोच हात पुन्हा मोडला.

---

अस्थिरंग | ३० ऑक्टोबर, दुपारी ३.३०

यावर आम्हा सर्जनमध्येच एकमत नाही. प्लेटखालचं हाड थोडं विरळ झालेलं असतं, आणि काढल्यावर भोकांच्या जागा काही काळ कमजोर राहतात. काढायच्याच तर दीड ते दोन वर्षांआधी नाही, आणि काढल्यावर काही आठवडे हात जपायचा. मी मोठ्या माणसात त्रास नसेल तर ठेवतो, कारण काढताना नसा जवळ असतात आणि पुन्हा मोडण्याचा धोका असतो. माझा एक जवळचा सहकारी तरुणांमध्ये नियमाने काढतो, आणि त्याचीही कारणं चुकीची नाहीत.

---

प्रिया_फिजिओ | ३० ऑक्टोबर, संध्याकाळी ६.५०

माझ्याकडे येणारे बरेच पेशंट काढून घेतात, विशेषतः जड कामाचे किंवा क्रिकेट खेळणारे. टोचतं म्हणतात. मी जे पाहते त्यावरून माझा कल काढण्याकडे आहे, पण पुन्हा मोडलेले पेशंटही माझ्याकडेच येतात, म्हणून ठाम सांगत नाही.

---

मनाली_कासारवडवली | ६ डिसेंबर, रात्री ८.१५

मंडळी, अपडेट देते. पायाच्या चारपैकी तीन कडा जुळल्यात, नवरा आता वॉकरशिवाय चालतो. दुखत नाही. सिगारेट बंद आहे, निदान घरात तरी.

हाताचं थोडं वेगळं झालंय. अंगठ्याकडच्या हाडाची रेष जवळजवळ दिसत नाही. करंगळीकडच्या हाडाला मात्र, प्लेटच्या विरुद्ध बाजूला, थोडं धुरकट दिसतंय. डॉक्टर म्हणाले, 'सध्या बघू'. मला ऑक्टोबरमधलं तुमचं वाक्य आठवतंय आणि झोप लागत नाही. ती कुबडी त्यामुळे तर नाही ना?

---

अस्थिरंग | ६ डिसेंबर, रात्री १०.४०

कुबडीमुळे असू शकतं, नसूही शकतं. नुसत्या धुरकटपणावरून ठरवता येत नाही. ऑपरेशनच्या वेळी आवरण थोडं सुटलं असेल तरी तिथे असं हाड येतं आणि ते निरुपद्रवी असतं. तीन गोष्टी सांगा. त्या हाडाची रेष ऑक्टोबरपेक्षा रुंद आहे की बारीक? स्क्रूभोवती काळी कड आहे का? आणि करंगळीकडच्या हाडावर मोडल्याच्या जागी बोटाने दाबलं तर दुखतं का?

---

मनाली_कासारवडवली | ६ डिसेंबर, रात्री १०.५८

रेष ऑक्टोबरएवढीच वाटते, रुंद नाही. स्क्रूभोवती काळं काही नाही. दाबलं तर थोडं दुखतं, पण खूप नाही.

---

यंत्रवत_रबाळे | ६ डिसेंबर, रात्री ११.२०

थोडी हालचाल होत असेल, पण कॅलस ती कमी करतोय, तर मग हे हाड दुसऱ्या रस्त्याने जुळेल असं का नाही? प्लेट कडक आहे, घेरही वाढतोय.

---

अस्थिरंग | ६ डिसेंबर, रात्री ११.४५

जुळू शकतं. मी अशी काही हाडं जुळताना पाहिलीत. पण फट बारीक आहे, आणि बारीक फटीत थोड्या हालचालीचाही ताण मोठा होतो, म्हणून मी ते गृहीत धरणार नाही. तुमच्या सर्जनचं 'सध्या बघू' योग्य आहे. सहा आठवड्यांनी अगदी त्याच कोनात पुन्हा फोटो काढा, हाताची ठेवण बदलली तर तुलना होत नाही. तोवर डाव्या हाताने पिशवी, बादली, बाइकचा हँडल नाही. दुखणं वाढलं किंवा रेष रुंद झाली तर सहा आठवडे थांबू नका. जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवून त्यांना दाखवा आणि रेषेची रुंदी मोजायला सांगा.